एका दिरहमचे रुपये किती? याची उत्तरं दोन

*मी ठाण्यात राहते, वय ३५. एका कंपनीत डिझाइन इंजिनिअर आहे. सीटीसी ३० लाख, हातात महिन्याला १,८५,००० येतात. नवरा पतपेढीत आहे, त्याला ५५,००० मिळतात. मुलगी सहा वर्षांची, यंदा पहिलीत. घर भाड्याचं आहे. २०२८ मध्ये ताबा मिळणाऱ्या फ्लॅटचा ६०,००० चा हप्ता चालू आहे. मला दोन ऑफर आल्या आहेत. दुबईची महिना २२,००० दिरहमची आणि म्युनिकची वर्षाला ७२,००० युरोची. म्युनिकच्या पगारातून सगळं कापून हातात ४,१०० युरो येतील असं तिथल्या एचआरने कळवलंय. भाऊ म्हणतो, ७२ लाख कोण सोडतं? सासूबाई म्हणतात दुबई जवळ आहे, टॅक्सही नाही. जायचं ते चार-पाच वर्षांसाठी, पुढे ठाण्यातच परत यायचंय. घरखर्चाचा कागद सोबत जोडला आहे. कुठली ऑफर मोठी, हे नक्की कसं ठरवायचं?*

तुम्ही घरखर्चाचा कागद जोडलात हे फार चांगलं केलंत. उत्तराचा अर्धा भाग त्या कागदातच आहे. बहुतेक पत्रांत फक्त पगाराचा आकडा असतो आणि त्यावरून काहीही सांगता येत नाही.

आधी तुमच्या भावाचा हिशेब घेऊ. सोयीसाठी मी एक युरो म्हणजे १०० रुपये आणि एक दिरहम म्हणजे २४ रुपये असा ठोकळ दर धरते. त्या दराने म्युनिकचे ७२ लाख होतात आणि दुबईचे सुमारे ६३ लाख. दोन्ही आकडे तुमच्या ३० लाखांच्या दुपटीहून जास्त. माझे वडील असाच गुणाकार करायचे. मी शारजाला नोकरीला लागले तेव्हा माझा पहिला पगार त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली रुपयांत मांडला होता आणि आमच्या गिरगावच्या चाळीत दोन्ही मजल्यांवर सांगितला होता. तिसऱ्या महिन्यात मी घरी पैसे पाठवू शकले नाही, तेव्हा त्यांना वाटलं मी काहीतरी लपवते आहे. मी काहीच लपवत नव्हते. त्यांचा गुणाकार बरोबर होता, पण पगाराच्या ज्या भागाला तो लावायला नको होता त्यालाही त्यांनी तो लावला होता. तुमच्या प्रश्नाची सगळी गाठ इथे आहे.

बँकेतला विनिमय दर एवढंच सांगतो की एक दिरहम देऊन किती रुपये विकत मिळतात. त्या दिरहममध्ये दुबईत काय मिळतं आणि तेच ठाण्यात कितीला पडतं, याचं उत्तर क्रयशक्तीचा दर देतो. त्याला पीपीपी म्हणतात. जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमात देशोदेशी सारख्याच वस्तूंच्या आणि सेवांच्या किमती गोळा करून तो काढतात. त्या कार्यक्रमानुसार २०१७ साली भारताचा दर डॉलरमागे २०.६५ रुपये होता, तर त्याच वर्षी बाजारातला दर ६५.१२ रुपये होता. म्हणजे अमेरिकेत एका डॉलरला जे मिळतं ते सरासरी भारतात २०-२१ रुपयांत मिळत होतं.

एवढी तफावत का, हे समजून घ्या, कारण पुढचा हिशेब त्यावर चालतो. फोन, लॅपटॉप, गाडी, विमानाचं तिकीट या गोष्टी देशांच्या सीमा ओलांडतात, त्यामुळे त्यांच्या किमती सगळीकडे जवळपास सारख्या राहतात. केस कापणं, पोळ्या करणं, मुलांची व्हॅन, क्लास, डॉक्टरची तपासणी आणि घराचं भाडं जिथल्या तिथेच राहतं. त्यांची किंमत तिथल्या मजुरीवर आणि तिथल्या जागेवर ठरते. आपल्याकडे मजुरी कमी म्हणून सेवा स्वस्त. बलासा आणि सॅम्युएलसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये हे नीट मांडून दाखवलं. तुमच्या घरात सेवांचा वाटा जितका जास्त, तितकं परदेशी जाणं तुम्हाला महाग पडणार.

आता तुमचा कागद. भाडं आणि मेंटेनन्स ३८,०००. किराणा, दूध, भाजी, फळं १८,०००. शाळा आणि व्हॅन ११,०००. पोळ्यांच्या मावशी आणि भांडी-लादीच्या ताई मिळून ७,५००. लोकल, रिक्षा, पेट्रोल ६,०००. लाइट, गॅस, नेट, मोबाइल ५,५००. डॉक्टर आणि मेडिक्लेम ५,०००. कपडे, हॉटेल, फिरणं १०,०००. फोन-लॅपटॉप बदलण्यासाठी बाजूला ठेवता ते ४,०००. एकूण १,०५,०००.

माझ्या ओळखीची दोन मराठी कुटुंबं आहेत, एक दुबईत आणि एक म्युनिकमध्ये. दोन्हीकडे शाळेतली मुलं आहेत आणि राहणी तुमच्यासारखीच साधी आहे. तुमचा कागद त्यांना दाखवून मी विचारलं, हेच सगळं तुमच्याकडे कितीला पडेल? तुम्हीही आपापल्या ओळखीत हे विचाराच, कारण दुसऱ्या वस्तीत भाडं दुसरं असतं.

दुबईचं उत्तर असं आलं. दोन बेडरूमचं घर ७,००० दिरहम महिना. भारतीय अभ्यासक्रमाची, कमी फीची शाळा बससह १,४००. किराणा २,०००. वीज, पाणी, नेट, मोबाइल १,३००. या बिलात घराच्या वार्षिक भाड्याच्या पाच टक्के पालिका शुल्क दर महिन्याला थोडं थोडं लागून येतं, नवे लोक ते हमखास विसरतात. प्रवास १,०००. नवऱ्याचा आणि मुलीचा आरोग्य विमा ५००, कारण तो नसला तर चालत नाही. कपडे आणि फिरणं १,५००. फोनबिन १५०. आठवड्यातून एकदा येणारी सफाईवाली ४००. एकूण १५,२५० दिरहम.

म्हणजे ठाण्यातला १,०५,००० चा संसार तिथे १५,२५० दिरहमला पडतो. भागाकार केला की तुमच्या घरापुरता एक दिरहम म्हणजे ठाण्यातले ६ रुपये ९० पैसे. बँक म्हणते २४, तुमचा संसार म्हणतो जेमतेम ७. ओळीओळीने पाहिलंत तर कारण उघडं दिसतं. किराण्यात एक दिरहम ९ रुपयांच्या तोडीचा आहे, भाड्यात साडेपाचच्याही खाली आहे, आणि फोनच्या ओळीत मात्र तो २६-२७ पर्यंत जातो. फोनच्या ओळीत तो बँकेच्या दराहूनही वर गेला, कारण तिथे व्हॅट पाच टक्के आहे आणि आपल्याकडे मोबाइलवर जीएसटी अठरा. मावशींच्या ओळीत तर तुलना बरोबरीची नाहीच. ठाण्यात रोज दोन बायका येतात, तिथे आठवड्यातून एक बाई तीन तास. बाकीचं काम तुमच्या दोघांच्या संध्याकाळी खाणार. त्याला मी पैशाचा आकडा लावलेला नाही, पण तुम्ही तो मनात धरा.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे पुष्कळ लोक उलट्या दिशेने चुकतात. क्रयशक्तीचं वाचून ते अख्ख्या पगाराला सातचा दर लावतात. २२,००० ला ६.९ ने गुणलं की १,५१,८०० येतात. तुमचा हातातला पगार १,८५,०००, म्हणजे दुबई तोट्याची, असं म्हणून मोकळे होतात. पण तुम्ही २२,००० दिरहम तिथे खर्च करणार नाही, १५,२५० करणार. उरलेले ६,७५० ठाण्याला येणार, फ्लॅटच्या हप्त्याला लागणार, बँकेत पडणार. त्या पैशांनी तुम्ही दुबईतलं काहीच विकत घेत नाही, त्यामुळे दुबईच्या किमती त्यांना लागत नाहीत. ते पूर्ण २४ च्या दराने रुपये होतात: १,६२,०००.

म्हणून पगाराचे दोन तुकडे करायचे. जो तिथे खर्च होतो त्याला क्रयशक्तीचा दर आणि जो इथे येतो त्याला बँकेचा दर. दुबईचा पगार ठाण्याच्या भाषेत १,०५,००० चा संसार अधिक १,६२,००० शिल्लक, म्हणजे २,६७,०००. सगळ्याला २४ लावलं असतं तर ५,२८,००० दिसले असते आणि सगळ्याला ६.९ लावलं असतं तर १,५१,८००. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये, तुमच्या बचतीच्या प्रमाणात कुठेतरी पडतो.

आता हाच आकडा ठाण्यासाठी काढू, आणि तो एकट्या तुमच्या पगाराचा काढू नका. तुम्ही गेलात की नवऱ्याचे ५५,००० थांबतात, म्हणून तुलना घराची घराशी. तुमचे १,८५,००० आणि त्यांचे ५५,००० मिळून २,४०,०००. खर्च १,०५,००० वजा केला की १,३५,००० उरतात. त्याशिवाय तुमच्या पीएफमध्ये तुमचा आणि कंपनीचा हिस्सा मिळून महिना २४,००० जमतात, हे तुम्ही कागदाच्या कोपऱ्यात लिहिलंय आणि मग हिशेबात घ्यायचं विसरलात. ती बचतच आहे. नवऱ्याचा पीएफ तुम्ही कळवलेला नाही, तो असेल तर ठाण्याच्या बाजूला आणखी वाढ होईल. आत्ता धरलं तर शिल्लक १,५९,०००.

दुबईची शिल्लक १,६२,००० आणि ठाण्याची १,५९,०००. फरक तीन हजारांचा, म्हणजे नसल्यात जमा. भावाच्या गुणाकारात जी ऑफर तुमच्या पगाराच्या दुप्पट होती, ती तुम्ही आज जिथे आहात तिथेच आणून सोडते. एका पगारात तुम्ही दोघांच्या पगाराइतकं वाचवता, एवढी गोष्ट मात्र खरी. नवऱ्याला तिथे नोकरी लागली तर चित्र एकदम पालटतं, कारण भाडं, शाळा, वीज सगळं तुमच्या पगारातून आधीच भागलेलं असतं. त्यांचा जवळजवळ प्रत्येक दिरहम २४ च्या दराने बचतीत पडेल. त्यांना ५,००० दिरहमची साधी नोकरी मिळाली आणि जाण्या-येण्यात ५०० गेले, तरी महिना १,०८,००० रुपयांची भर पडते. पण तुमच्या व्हिसावर गेल्याने त्यांना काम करता येत नाही. त्यांना नोकरी देणाऱ्या कंपनीने वेगळा परवाना काढावा लागतो. तेव्हा ते पतपेढी सोडण्याआधीच तिथल्या दोन-चार ठिकाणी अर्ज जाऊ द्या.

म्युनिककडे वळते. हातात ४,१०० युरो. त्यात मुलीसाठी सरकारकडून मिळणारा भत्ता, ज्याला तिथे किंडरगेल्ड म्हणतात, तो मिळवा. २०२५ मध्ये तो मुलामागे महिना २५५ युरो होता. एकूण ४,३५५. खर्चाचा कागद असा आला. तीन खोल्यांचं घर हीटिंगसह १,९५०. वीज, नेट, मोबाइल आणि घरटी भरावं लागणारं १८.३६ युरो प्रसारण शुल्क धरून १७०. किराणा ६५०. सरकारी शाळेला फी नाही, पण शाळा दुपारी सुटते, त्यानंतर मुलीला सांभाळणाऱ्या केंद्राचे १५०. प्रवास १५०. औषधपाणी २०, कारण आरोग्य विमा पगारातून आधीच कापला गेलाय आणि न कमावणारा जोडीदार व मूल त्यातच, वेगळे पैसे न भरता, येतात. कपडे आणि फिरणं ४५०. फोन वगैरे ४०. कामाला कोणी नाही. एकूण ३,५८०.

तुमचा संसार ३,५८० युरोंत, म्हणजे एक युरो ठाण्यातल्या २९ रुपयांच्या किंचित वर. जागतिक बँकेचे देशांचे आकडे ताडून पाहिले तरी जवळपास हेच येतं. २०१७ चा भारताचा २०.६५ आणि जर्मनीचा ०.७४ च्या आसपासचा, यांचा भागाकार सुमारे २८. हे दोन आकडे जुळले याचा अर्थ देशाचा सरासरी आकडा नेहमी चालतो असा घेऊ नका. देशाच्या सरासरीत भारताच्या बाजूला खेडीही येतात आणि ठाण्याचं भाडं त्या सरासरीच्या खूप वर आहे. म्युनिकही जर्मनीच्या सरासरीच्या तेवढंच वर आहे, म्हणून वरची आणि खालची चूक एकमेकींत खपून गेली. तुम्ही अकोल्याहून म्युनिकला निघाला असता तर २८ च्या दराने तुम्हाला फसवलं असतं. आणि देशाचे आकडे पाहायचेच असतील तर जीडीपीचा पीपीपी घेऊ नका. त्यात पूल, कारखान्यांची यंत्रं, सरकारी खर्च हे सगळं येतं आणि तुम्ही पूल विकत घेत नाही. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर घरगुती उपभोगाचा वेगळा दर आहे, त्याचा संकेतांक `PA.NUS.PRVT.PP`. शहरांच्या खर्चाचे निर्देशांक देणारी संकेतस्थळं पाहताना एकच तपासा: आकडा भाड्यासह आहे की भाड्याविना. भाडं वगळलेला आकडा पाहून म्युनिकला गेलेला माणूस पहिल्याच महिन्यात अडकतो.

म्युनिकची शिल्लक ७७५ युरो, म्हणजे ७७,५०० रुपये. त्यातून ६०,००० चा हप्ता गेला की हातात १७,५०० राहतात. वर्षातून एकदा तिघांनी ठाण्याला येऊन जायचं म्हटलं तर ते तिकिटांतच संपतील. ठाण्यात आज हप्ता गेल्यावरही ७५,००० आणि पीएफ वेगळा उरतो. ज्या ऑफरला तुमचा भाऊ ७२ लाख म्हणतो, ती तिन्हींत तुम्हाला सगळ्यात कमी पैसे देते.

म्युनिकच्या बाजूने दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. एक, तिथे तुमच्या पगारातून कापलं जाणारं सगळंच वाया जात नाही. आरोग्य विमा त्यात आला आणि पेन्शनसाठी पगाराचे ९.३ टक्के जातात, तेवढेच कंपनी घालते. जर्मनीत राहून म्हातारपण काढायचं असतं तर ही मोठी बचत ठरली असती. त्या बेतात मात्र उरलेल्या ७७५ युरोंनाही १०० चा दर लावता आला नसता, कारण ते पैसे तिथेच खर्च झाले असते. बचतीचा दर तिच्या मुक्कामावर ठरतो आणि तुमची बचत ठाण्यातल्या फ्लॅटकडे निघाली आहे, म्हणून मी १०० धरला. दुसरी गोष्ट, तुम्ही जर ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या परवान्यावर, जात असाल तर नवऱ्याला वेगळ्या परवान्याशिवाय तिथे नोकरी करता येते. अडचण भाषेची. जर्मन येत नसताना बँकिंगमधल्या माणसाला तिथे जागा मिळणं कठीण, आणि तुमच्या पत्रात त्यांच्या जर्मनचा उल्लेख नाही.

४,१०० च्या आकड्यामागची अट एचआरला जरूर विचारा. इतका हातात येतो तो विवाहितांसाठीच्या, एकाच कमावत्या माणसाच्या कर-वर्गात, ज्याला तिथे वर्ग तीन म्हणतात. तो मिळायला नवराही तिथे राहायला हवा. मुलीची परीक्षा होईपर्यंत ते दोघं ठाण्यात आणि तुम्ही एकट्या म्युनिकमध्ये, असं झालं तर त्या महिन्यांत वर्ग एक लागतो. हातात साडेचारशे युरोंच्या आसपास कमी येतात, आणि वर दोन घरांचा खर्च.

आता वाटाघाटी, कारण या हिशेबाचा खरा उपयोग तिथे आहे. म्युनिकला ठाण्याच्या बरोबरीला आणायचं तर शिल्लक ८१,५०० ने वाढायला हवी, म्हणजे हातात ८१५ युरो जास्त. त्या पातळीवर वाढलेल्या पगारातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग कर आणि वर्गणीत जातो, म्हणून एकूण पगार महिना तेराशे युरोंनी वाढावा लागेल. वर्षाला ८८,००० च्या आसपास. त्याच्या खाली म्युनिक तुम्हाला पैशांत परवडत नाही. कामासाठी, अनुभवासाठी जायचं तर जा, पण हप्ता कुठून भरणार ते आधी ठरवून जा.

दुबईच्या कंपनीकडे पगार वाढवून मागण्याआधी शाळेची फी आणि कुटुंबाचा विमा मागा. पगाराच्या श्रेणी ठरलेल्या असतात, त्या हलवायला ते तयार नसतात. सवलती बऱ्याचदा मिळतात. शाळेचे १,४०० आणि विम्याचे ५०० त्यांनी उचलले तर तुमचे १,९०० दिरहम मोकळे होतात आणि ते सगळे बचतीत जातात, तेही २४ च्या दराने. महिना ४५,६०० रुपये. शाळेची सवलत पहिलीपुरती न लिहून घेता वरच्या वर्गांसह लिहून घ्या, कारण तिथली फी इयत्तेबरोबर चढते. तुमची मुलगी पाच वर्षांनी सहावीत असेल. आजचा १,४०० चा आकडा तेव्हा राहणार नाही.

त्याच पत्रात बेसिक किती आहे तेही पाहा. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांच्या बेसिकवर मोजतात, भत्त्यांवर नाही. २२,००० पैकी बेसिक १३,००० असेल तर वर्षाला ९,१०० दिरहम जमतात, ६,५०० असेल तर निम्मेच. पीएफच्या जागी तुमच्याकडे तेवढंच असेल. इकडची ग्रॅच्युइटी मी ठाण्याच्या बाजूला धरली नाही, म्हणून हीही वरच्या तुलनेत धरलेली नाही.

सासूबाईंच्या 'टॅक्स नाही' या म्हणण्याला एक तारीख जोडते. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय त्या वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिला तर त्या वर्षापुरता तो इथला निवासीच ठरतो आणि दुबईचा पगारही इथे करपात्र होतो. १ एप्रिलपासून मोजलंत तर १८२ वा दिवस २९ सप्टेंबरला येतो. तुम्ही दिवाळी करून निघायचं म्हणालात तर मार्चपर्यंतच्या सगळ्या दिरहमवर इथे वरच्या टप्प्यांच्या पट्टीने कर बसेल, कारण ते तुमच्या इथल्या उत्पन्नावर चढून मोजले जातील. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात निघालात आणि मार्चपर्यंत सुट्टीला येण्याचे दिवस मोजून घेतलेत तर तो वाचतो. नसेल जमत तर एप्रिलमध्ये रुजू व्हा. म्युनिकचा कर तिथेच कापला जातो आणि दोन देशांतल्या करारामुळे त्याचं श्रेय इथे मिळतं, त्यामुळे तिकडे हा प्रश्न इतका बोचत नाही.

दराबद्दलही एक चाचणी करून घ्या. दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, तेव्हा तुमची शिल्लक प्रत्यक्षात डॉलर-रुपयावर हलेल. दर २२ झाला तर ६,७५० चे १,४८,५०० होतात आणि २६ झाला तर १,७५,५००. दोन्हींत हप्ता निघतो. घरमालक भाडं महिना ८,५०० वर नेईल तेव्हा काय होतं तेही मांडून पाहा: शिल्लक ५,२५० वर येते, म्हणजे १,२६,००० रुपये. तुमच्या हिशेबाला रुपयाच्या दराहून भाड्याचा धक्का मोठा बसतो, म्हणून घर शोधताना वस्ती आणि कराराची मुदत यांवर जास्त वेळ घाला. बरेच घरमालक वर्षाचं भाडं चार किंवा त्याहून कमी चेकांत मागतात, शिवाय अनामत आणि दलाली. पहिल्या महिन्यात पगार यायच्या आधी ३०,००० दिरहमच्या आसपास हाताशी लागतील. कंपनी ते आगाऊ देते का, हे आत्ताच विचारा.

माझं मत विचाराल तर आज आहे तशी दुबईची ऑफर घेऊन ठाणं सोडू नका. शाळा आणि विमा लिहून मिळाला किंवा नवऱ्याच्या हातात तिथल्या नोकरीचं पत्र आलं, यातलं एक झालं तरी घ्या. म्युनिकला ८८,००० चा आकडा कळवा. ते नाही म्हणाले तर तो विषय तिथेच थांबवा. आणि भावाला वरच्या तिन्ही शिलका एका कागदावर लिहून दाखवा: १,५९,०००, १,६२,००० आणि ७७,५००.